रोहिणीच्या दोन काळ्या रेघा: सहा महिने स्पेक्ट्रोस्कोप वापरल्यावर

ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत गावच्या गच्चीवरून ताऱ्यांचे वर्णपट घेतले. साधनं दोन वापरली. पहिली, मिलिमीटरला १०० रेघा आखलेली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवणारी काच. ही सव्वा इंची फिल्टरसारखी चकती असते आणि कॅमेऱ्याच्या नाकावर आटे फिरवून बसते. दुसरा, नेटवर मोफत मिळणाऱ्या आराखड्यावरून माझ्या धाकट्या दिरांनी थ्रीडी प्रिंटरवर छापून दिलेला स्पेक्ट्रोस्कोप. त्यात १० मायक्रॉन रुंदीची फट आहे आणि मिलिमीटरला २४०० रेघांची ग्रेटिंग. दुर्बीण सहा इंची, ताऱ्यामागे आपोआप फिरणाऱ्या माउंटवर बसवलेली. घेण्याआधी मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते.

आधी चकतीबद्दल. पहिल्याच रात्री पश्चिमेला कललेला अभिजित धरला. पडद्यावर डाव्या कडेला ताऱ्याचा ठिपका आणि उजवीकडे लांबट पट्टा आला, पण पट्ट्यात एकही रेघ दिसेना. चूक फोकसची होती. मी ठिपका टोकदार करत होते. फोकस पट्ट्यावर करायचा असतो, मग ठिपका थोडा फुगला तरी चालतो. नॉब जरासा फिरवला आणि निळ्या भागात ४८६१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीपाशी हायड्रोजनची रुंद काळी रेघ उभी राहिली. तिच्या पलीकडे जांभळ्याकडे ४३४० आणि ४१०२ वर तिच्या बहिणी, प्रत्येक आधीच्यापेक्षा जवळ सरकलेली. डिसेंबरात मृगातला तांबडा काक्षी घेतला, तर त्यात हायड्रोजन जवळपास बेपत्ता आणि तांबड्या भागात पायऱ्यांसारखे काळे पट्टे. ते टायटॅनियम ऑक्साइडचे.

इथेच बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली. अभिजितमध्ये हायड्रोजन ठसठशीत, काक्षीमध्ये टायटॅनियम ठसठशीत, म्हणजे दोन तारे वेगळ्या मालाचे बनलेले, असं वाटतं. तसं नाही. या दृश्य रेघा उमटायला हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर बसलेला असावा लागतो, आणि तिथवर पोचायला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे ५८०० केल्विनला साधारण वीस कोटी अणूंमागे एक अणू तसा सापडतो. अभिजितच्या सुमारे ९६०० केल्विनला साठ हजारांमागे एक. माल तोच, पण रेघ ओढणारे हात हजारो पटींनी वाढले. याहून तापलेल्या ताऱ्यात हायड्रोजनचा इलेक्ट्रॉनच सुटून जातो आणि रेघ पुन्हा फिकी पडते.

सूर्याचंच उदाहरण घ्या. त्याच्या वर्णपटातल्या सगळ्यात दणकट रेघांत जांभळ्या टोकाच्या कॅल्शियमच्या दोन रेघा येतात, ३९३४ आणि ३९६८ च्या. प्रत्यक्षात सूर्यावर कॅल्शियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे साडेचार लाखांच्या आसपास अणू आहेत. सूर्याच्या तापमानाला बहुतेक कॅल्शियमचा एक इलेक्ट्रॉन सुटलेला असतो आणि असा प्रत्येक आयन खालच्या पातळीवरूनच हा प्रकाश गिळायला तयार असतो. कोणत्या तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे किती इलेक्ट्रॉन सुटतील याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं. ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की ताऱ्यांत हायड्रोजन इतर सगळ्यांपेक्षा प्रचंड जास्त आहे. हेन्री नॉरिस रसेल यांच्या सांगण्यावरून त्यांना तो निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही असं त्याच प्रबंधात लिहावं लागलं, आणि १९२९ मध्ये रसेल स्वतः त्याच उत्तरावर आले. आपल्या पट्ट्यात रेघ दिसली की हे वाचूनही मन पुन्हा "अरे, हे जास्त आहे" असंच म्हणतं. म्हणून मी वहीत आधी तापमानाचा अंदाज लिहिते आणि मगच मूलद्रव्याचं नाव.

तापमानासाठी ही चकती उत्तम आहे. गती मात्र तिच्याकडून मागू नका. माझ्या कॅमेऱ्यावर तिचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे १० अँगस्ट्रॉम, आणि ताऱ्याच्या गतीने रेघ सरकते ती एक-दोन अँगस्ट्रॉम. त्यासाठी फटीचा खोका.

खोक्यावर मी रोहिणीच्या सोडियमच्या जोडीवर सगळा हिवाळा घालवला. या दोन रेघा प्रयोगशाळेत ५८८९.९५ आणि ५८९५.९२ वर येतात. रोहिणी सुमारे ३९०० केल्विनचा थंडगार राक्षसी तारा, त्यामुळे सोडियमचा इलेक्ट्रॉन जागेवर टिकून असतो आणि रेघा जाड उमटतात. (अभिजितवर गती मोजायचा नाद करू नका. त्याच्या हायड्रोजनच्या रेघा इतक्या पसरट असतात की मधला बिंदू कुठे धरायचा हेच कळत नाही.) खोक्यात एक पिक्सेल म्हणजे ०.११ अँगस्ट्रॉम. पडद्यावर दोन रेघांमध्ये ५५ पिक्सेलची मोकळी जागा दिसते, ती माझी घरची पट्टी.

मोजायला खूण लागते. त्यासाठी स्विचबोर्डावरचा जुना तांबडा इंडिकेटर वापरते. आत निऑन भरलेला असतो आणि त्याच्या तेजस्वी रेघा ५८८१.९० आणि ५९४४.८३ वर, सोडियमच्या दोन्ही बाजूंना, नेमक्या हव्या तिथे येतात. हल्लीचे बरेचसे इंडिकेटर एलईडीचे असतात, त्यांचा नुसता सलग पट्टा येतो आणि ते निरुपयोगी. निऑन असेल तर सुट्या सुट्या रेघा लगेच दिसतात. मी इंडिकेटर बंद डबीत बसवून दुर्बिणीच्या तोंडापुढे धरते, म्हणजे त्याचा प्रकाश ताऱ्याच्याच वाटेने फटीत जातो. उघडी वायर हातात धरून हे करू नये, २३० व्होल्ट असतात.

२० ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर रोहिणीची पहिली रेघ ५८९०.६१ वर मिळाली. घरच्या जागेपासून ०.६६ ने तांबड्याकडे सरकलेली. ०.६६ ला ५८९० ने भागून प्रकाशाच्या वेगाने गुणलं की सेकंदाला ३४ किलोमीटर येतात, तारा दूर जातोय. पण प्रसिद्ध आकडा ५४ आहे. मी दोन रात्री खोका उलटापालटा करून बघितला. खोट खोक्यात नव्हतीच. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळपास ३० किलोमीटरने फिरते आणि ऑक्टोबरात ती रोहिणीच्या बाजूला धावत असते. त्या तारखेला तिच्या वेगातला रोहिणीच्या दिशेचा वाटा २० किलोमीटर निघतो. ३४ आणि २० मिळून ५४.

डिसेंबरात गडबड झाली. २ डिसेंबरच्या सुमारास पृथ्वी रोहिणी आणि सूर्याच्या मधे असते, तिची धाव आडवी पडते, म्हणजे थेट ५४ च्या आसपास यायला हवं. आले ६५. दीर शेजारी बसले होते. पडद्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तारा सोडा, तुमचा निऑन तरी जागेवर आहे का बघा." पुन्हा निऑन घेतला, तर त्याची रेघ संध्याकाळपेक्षा दोन पिक्सेल सरकलेली. दोन पिक्सेल म्हणजे सेकंदाला ११ किलोमीटर. संध्याकाळी २२ अंश होतं, रात्री ११ वाजता १३. छापलेलं प्लास्टिक आकसतं आणि आतली ग्रेटिंग केसभर कलते. तेव्हापासून तासभर आधी खोका गच्चीवर नेऊन ठेवते, आणि दर दहा मिनिटांच्या फोटोंच्या आधी आणि नंतर निऑन घेऊन दोन्हींची सरासरी धरते. दोन निऑनमध्ये अर्ध्या पिक्सेलहून जास्त फरक आला तर ते फोटो बाद. खोक्याचा हा खरा दोष आहे आणि तो गेलेला नाही, फक्त सांभाळता येतो.

दोन खोट्या रेघांचीही ओळख करून घ्या. फटीवर धूळ बसली की पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने आडव्या काळ्या ओळी येतात. वर्णपटाच्या रेघा उभ्या असतात, त्यामुळे गोंधळ फार वेळ टिकत नाही. दुसऱ्या जास्त फसव्या. दमट रात्री सोडियमच्या आजूबाजूला बारीक बारीक रेघा उगवतात. त्या ताऱ्याच्या नाहीतच, आपल्या हवेतल्या बाष्पाच्या आहेत. खात्री करायला मी त्याच रात्री राजन्य घेतला. तो तप्त तारा, तिथेही त्या बारीक रेघा त्याच जागी. तारा कुठलाही असो, महिना कुठलाही असो, त्या हलत नाहीत. राजन्यात त्यांच्या डावीकडे ५८७६ जवळ एक वेगळी रेघ दिसली, हीलियमची. रोहिणीत ती नाही, कारण हीलियमला जागं करायला एवढी उष्णता तिथे नाही.

एकंदर वेळ कशात जातो म्हणाल, तर तारा फटीवर टिकवण्यात. माउंट किंचित चुकलं की प्रकाश फटीच्या कडेला सांडतो आणि मिनिटभराचा फोटो काळा येतो. हाताने फिरवायची दुर्बीण असेल तर खोक्याच्या वाटेला जाऊ नका, चकतीच घ्या. खोका माझ्या हातात दोन-तीन किलोमीटरची अचूकता देतो, त्याहून बारीक नाही. मूलद्रव्यांचं प्रमाण तर दोन्हींतून निघत नाही. कोण आहे ते कळतं, किती आहे ते नाही.

२५ फेब्रुवारीला संध्याकाळी रोहिणी पुन्हा घेतली. आता पृथ्वी तिच्यापासून पळत होती. रेघ ५८९१.५७ वर, म्हणजे सेकंदाला ८२. पृथ्वीचे साडेएकोणतीस वजा केल्यावर ५३. ऑक्टोबरचा आणि फेब्रुवारीचा पट्टा एकाखाली एक लावले, तर निऑनच्या रेघा सरळ एका ओळीत आणि सोडियमची जोडी त्यांच्यामधून नऊ पिक्सेल उजवीकडे गेलेली. ते चित्र छापून दिरांना दिलं, त्यांनी प्रिंटरच्या वरच्या भिंतीवर लावलंय.

आता रोहिणी सूर्याजवळ चाललीय, मग पाऊस. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहाटे आभाळ उघडलं तर रेघ ५८९०.४३ च्या आसपास असायला हवी. वहीत आकडा आधीच लिहून ठेवलाय.