अंदाजांचा पूल: दर मॅचला वीस रुपये की सीझनचे एकदाच दोनशे?

सगळ्यांना नमस्कार,

आयपीएलच्या तोंडावर पूल कसा चालवायचा हा प्रश्न पुन्हा आलाय. मी दोन्ही प्रकार खेळलोय. 2024 ला आधीच्या ऑफिसात सीझनभराचा गुणांचा पूल होता आणि 2025 ला इथे आपण दर मॅचला पैसे काढायचो, वही माझ्याकडे होती. म्हणून ठरवण्याआधी माझा अनुभव मांडतो. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण बहुमत दुसरीकडे गेलं तर मी त्यातही खेळेन.

मॅचगणिक पुलाची मजा मी नाकारत नाही. रोज संध्याकाळी नवी सुरुवात होते, कालचं हरणं पुसलं जातं आणि मॅच संपताच निकाल हातात येतो. ज्यांना रोज अंदाज द्यायला जमत नाही त्यांनी आठवड्यातून दोनदा खेळलं तरी बिघडत नाही. ज्यांना एवढंच हवंय त्यांच्यासाठी हाच पूल बरा, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन.

पण वीस रुपये खिशाला लागत नाहीत, तिथेच घोळ होतो. 74 मॅच धरल्या तर एकाचे 1480 रुपये गुंततात. त्यातले काही परत येतात, पण किती गेले हे बहुतेकांना शेवटपर्यंत माहीत नसतं. शिवाय वाटपात एक खोट आहे. एका रात्री बारा जण खेळले, 240 जमले. दहा जणांनी तगडी टीम धरली आणि ती जिंकली, तर प्रत्येकाला 24 मिळतात, म्हणजे बरोबर ओळखून कमाई चार रुपये. उलट टीम जिंकली तर दोघांना प्रत्येकी 120. मग लोक कोण जिंकेल हे सांगायचं सोडून बाकीच्यांनी काय धरलं नाही ते बघायला लागतात. मागे पडलेला माणूस ‘आज माझे पन्नास धर’ म्हणतो. एप्रिलच्या शेवटी आपल्यातल्या नव्या मुलाने तसं विचारलं, तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे नियमच नव्हता.

तरीही मी हे सगळं सांभाळून घेतलं असतं. माझं मत फिरलं ते उधारीमुळे. कुणाकडे सुट्टे नसत, कुणी ‘उद्याच्यात धर’ म्हणे, कुणी जिंकलेल्यातून वळते करायला सांगे. मेच्या पहिल्या आठवड्यात वहीत नऊ जणांच्या नावापुढे बाकी होती, सगळ्या मिळून 460 रुपये. त्यात दोघे आपले सीनियर. साठ रुपयांसाठी सरांच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं मला जमलं नाही, ते मी खिशातून भरले. ज्युनियरला मात्र बिनदिक्कत आठवण करून देत होतो. हा भेदभाव माझ्याच हातून झाला आणि तो मला अजून खटकतो.

त्यातच 8 मेची धरमशाला आली. पंजाब विरुद्ध दिल्ली, पंजाब 10.1 षटकांत 1 बाद 122, आणि खेळ थांबला. पाठोपाठ स्पर्धाच स्थगित झाली. पुलात 240 रुपये, सात जण पंजाबकडे, पाच दिल्लीकडे. सामना 24 मेला जयपूरला पहिल्या चेंडूपासून पुन्हा खेळवला आणि दिल्लीने सहा गडी राखून जिंकला. दिल्लीवाले म्हणाले, आमचे प्रत्येकी 48 द्या. पंजाबवाले म्हणाले, तो सामना वेगळा होता, दिल्लीचा स्टार्कही परत आला नव्हता. मला पंजाबवाल्यांचं पटलं, मी सगळ्यांचे वीस-वीस परत केले. पण त्यातले तिघांचे आधीच ‘पुढच्यात’ धरलेले होते आणि तो हिशोब शेवटपर्यंत जुळला नाही.

सीझनच्या पुलात असा सामना आला तर जुना अंदाज रद्द करून नवा घ्यायचा, काम संपलं. पैसे मार्चमध्ये एकदाच गोळा झालेले असतात, मध्ये कुणाकडे मागायला जावं लागत नाही. आधीच्या ऑफिसात तर पैशांची वही नव्हतीच, फक्त गुणांची शीट होती.

त्याची दुखरी बाजूही सांगतो. मागे पडलेल्याचा उत्साह आटतो. 50 मॅचनंतर कुणी पहिल्यापेक्षा 12 गुणांनी मागे असेल आणि मॅचला दोन गुण असतील, तर उरलेल्या 24 मॅच पुरेशा वाटतात. पण गुण फक्त जिथे दोघांचे अंदाज वेगळे तिथेच फिरतात. असे आठ सामने निघाले तर त्याला त्यातले सात बरोबर यायला हवेत, तेही नुसती बरोबरी करायला. माझ्याही बाबतीत मेच्या मध्यावर असंच झालं होतं. म्हणून प्लेऑफच्या चार मॅचना प्रत्येकी चार गुण ठेवावेत असं सुचवतो. याने दुखणं पूर्ण जात नाही, कमी होतं.

नियम माझ्या मते असे असावेत. कॉन्ट्री सीझनला दोनशे, पहिल्या मॅचच्या आधी रोख, त्यावर एक रुपयाही वाढवता येणार नाही. वाढवायची मुभा कुणालाच नाही, हरणाऱ्याला तर नाहीच. पैसे न घालता खेळायचं असेल तर त्याचं नाव त्याच शीटमध्ये, फक्त बक्षिसात वाटा नाही. कुणी पैसे दिले आणि कुणी नाही, ही यादी ग्रुपवर टाकायची नाही. चौदा जण आले तर 2800 होतात. पहिल्याला 700, दुसऱ्याला 500, तिसऱ्याला 300 आणि उरलेले 1300 फायनलनंतर सगळ्यांच्या खाण्याला.

अंदाज टॉसच्या अर्धा तास आधी बंद, म्हणजे साडेसातच्या मॅचला साडेसहा. टॉसनंतर दोन्ही टीमचे अकरा जण आणि इम्पॅक्ट प्लेयरची नावं समोर येतात, तेव्हा दिलेला अंदाज वेगळ्याच माहितीवर दिलेला असतो. व्हॉट्सॲपवर मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि गेल्या वर्षी त्यावरून दोनदा वाद झाला. तेव्हा ‘एडिटेड’ दिसलेला अंदाज बाद. सुपर ओव्हर आणि डकवर्थ-लुईसचा निकाल हाच निकाल. पावसाने सामना वाहून गेला तर कुणालाच गुण नाहीत.

कायद्याचंही बघायला हवं. करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत, त्यामुळे उधारीला तसाही आधार नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर 2025 च्या कायद्याने बंदी आलीय, तेव्हा कुठल्याही ॲपवर जायचं नाही. जुगाराचा राज्याचा कायदा वेगळा आहेच. म्हणून पैसे गोळा करण्याआधी एचआरकडून लेखी होकार घ्यावा असं मला वाटतं. ते नाही म्हणाले तर दोनशे काढून टाकू, शीट आणि गुण तेच ठेवू.

मॅचगणिकच हवं असेल तर किमान आठवड्याचे पैसे सोमवारी आगाऊ आणि सीझनला पाचशेची मर्यादा, एवढं तरी ठरवूया. वही मात्र या वेळी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. तुमचं मत शुक्रवारपर्यंत मला एकट्याला कळवलंत तरी चालेल, ग्रुपवर सीनियरांसमोर बोलायला कुणाला अवघड वाटू नये.