पंच-नेमणुकीचं ॲप: आठ महिने, दोन स्पर्धा आणि एक हिरवी टिक

वर्षाचे 2,400 रुपये भरताना हात जड झाला होता, हे आधीच सांगतो. त्यामुळे पैसे वसूल करायच्या नजरेनेच वापरलं.

स्पर्धा लेदर बॉल ट्वेंटी-20, 16 संघ, चार गट, सहा दिवस. गटाच्या चार दिवसांत तीन मैदानांवर रोज सहा सामने, म्हणजे रोज बारा नेमणुका, आणि पंच नऊ. आमचा नियम असा की ज्याने एका दिवशी दोन सामने केले, त्याला दुसऱ्या दिवशी एकच. हे गणित ॲप झकास करतं. आठ पंचांतही रोज चौघांना दोन आणि चौघांना एक असं आलटूनपालटून बसतं, सात झाले की दुसऱ्याच दिवशी अडतं. ते त्याने आधीच लाल करून दाखवलं, म्हणून मी नववा पंच शोधला.

पण बाद फेरीत घोळ झाला. नऊपैकी सहा पंचांचा कुठल्या ना कुठल्या संघाशी संबंध होता: कोणाचा क्लब, कोणाचा मुलगा खेळणारा. त्यांची 'संघ टाळा' यादी भरली होती. उपांत्य सामन्यात मात्र संघाच्या जागी 'विजेता 1' असं असतं. यादीत ते नाव नाही, म्हणून ॲपची हिरवी टिक! शनिवारी रात्री एका कर्णधाराचा फोन: समोरच्या क्लबचा माणूस आमच्या सामन्याला पंच कसा? दोन्ही उपांत्य सामने सकाळी एकाच वेळी, चार पंच लागणार, आणि कोणाशीच संबंध नसलेले तीनच. शेवटी चौथा घेतला तो गटातच बाद झालेल्या क्लबचा, तोही या दोन संघांशी न खेळलेल्या. नाहीतर हरल्याचा राग काढतोय, हे ऐकावं लागलं असतं.

तेव्हा एक तारा दिला. दुसऱ्या स्पर्धेआधी मात्र लक्षात आलं की अर्धी चूक माझी. 'अ1', 'अ2' ही नावंही टाळण्याच्या यादीत घालता येतात. उपांत्यपूर्व फेरीत अ-ब आणि क-ड असे सामने होते, म्हणून अ-ब शी संबंध असलेले तिघे क-ड च्या सामन्यांना आणि उलट. संबंध नसलेल्या तिघांपैकी एकेक दोन्हीकडे, उरलेल्याला विश्रांती. आठ नेमणुका बसल्या आणि रविवारी ते तिघेही दोन सामन्यांना मोकळे.

आता तीन तारे. चौथा देणार नाही, कारण शनिवारी 'अ1' च्या जागी खरा संघ लिहिला की जुन्या नेमणुका ॲप पुन्हा तपासत नाही. प्रत्येक सामना उघडून परत सेव्ह करावा लागतो. तेवढ्यासाठी मी अजून वही ठेवतो, ती चाळीस रुपयांची आहे.