रात्री पावणेदहाला जेवणाऱ्यांसाठी चरबी घटवण्याचा आठवडा: नाश्ता वगळावा की जेवण विभागावे?

डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीसाठी जाणाऱ्या अडतीस वर्षांच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि ८२ किलो वजनाच्या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. सकाळी पावणेआठला ते घराबाहेर पडतात, घाटकोपरला उतरून मेट्रो पकडतात, दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसतात, सातला निघून नऊला घरी पोहोचतात आणि सर्वांबरोबर पावणेदहाला जेवतात. अशा दिनक्रमात वजन स्थिर ठेवण्यासाठी त्यांना दिवसाला साधारण २,३०० कॅलरी लागतात. त्यांनी १,८५० चे लक्ष्य ठेवले, तर आठवड्याची तूट सुमारे ३,१५० कॅलरींची होते. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला चारशे ग्रॅम चरबी घटावी. ही तूट दिवसातल्या कोणत्या वेळी घ्यायची, हा निर्णय त्यांना करायचा आहे आणि त्यासाठी दोन मार्ग समोर आहेत.

पहिला मार्ग सकाळचा नाश्ता वगळण्याचा आहे. सकाळी फक्त कमी साखरेचा चहा घ्यायचा, दुपारी सव्वाला तीन पोळ्या, भाजी, उसळ आणि ताक असा सुमारे ७०० कॅलरींचा डबा खायचा, पाच वाजता चहा आणि फुटाणे, आणि रात्री दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, भाजी व कोशिंबीर असे साडेसातशे कॅलरींचे पूर्ण जेवण घ्यायचे. बेरीज सतराशेच्या आसपास येते, शंभर-दीडशेची मोकळीक उरते, रात्रीच्या ताटात काही बदलावे लागत नाही आणि सकाळची घाईही वाचते. कागदावर ही योजना उत्तम दिसते.

दुसऱ्या मार्गात रात्रीचेच जेवण दोन भागांत विभागायचे असते. सकाळी सव्वासातला दोन अंडी, एक पोळी आणि चहा मिळून साडेतीनशे, दुपारी दोन पोळ्यांचा साडेपाचशेचा डबा, चारला थोडा चहा, सायंकाळी सहाला कचेरीतच सुमारे चारशेचा दुसरा डबा, आणि रात्री घरच्या पंगतीत पोळी-भात सोडून दोन वाट्या वरण, भाजी, कोशिंबीर आणि ताक असे पावणेचारशे. ही बेरीजही १,७५० च्या आत बसते.

कॅलरी जवळजवळ सारख्याच असताना निवड का करायची, असा प्रश्न येईल. खाण्याचे तास कमी केल्याने आपोआप अधिक चरबी जाते, असे मानण्याला फारसा आधार नाही. चीनमधील ग्वांगझोऊ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच मर्यादेच्या कॅलरी दिल्या होत्या, आणि आठ तासांतच जेवणाऱ्या गटाच्या वजनात लक्षणीय जास्त घट आढळली नाही. म्हणून माझ्या मते खरी कसोटी वेगळी आहे: दिवसातल्या सर्वांत अवघड वेळेला कोणती योजना टिकते?

ती अवघड वेळ सायंकाळी सात ते पावणेदहा ही आहे. दुपारच्या डब्यापासून रात्रीच्या ताटापर्यंत साडेआठ तासांचे अंतर पडते, त्यात पाच वाजताच्या मूठभर फुटाण्यांचा आधार तासाभरात संपतो आणि मग फलाटाबाहेरचा वडापाव समोर येतो. त्याच्या तीनशे कॅलरी, आणि घरी जेवण गरम होईपर्यंत उभ्याउभ्या खाल्लेल्या शेव-शेंगदाण्यांच्या दोनशे, एवढ्यात मोकळीक आणि दिवसाची बहुतेक तूट भरून निघते. इच्छाशक्तीला दोष देण्याआधी हे अंतर मोजावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुसऱ्या मार्गात ते अंतर पावणेचार तासांवर येते, आणि ताट हलके असल्याने जेवून लगेच आडवे झाल्यावर होणारी जळजळही बहुधा कमी होते.

मात्र दुसरा मार्गही फसू शकतो. सायंकाळचा डबा रात्रीच्या जेवणातून काढलेला भाग आहे हे विसरले आणि घरच्यांच्या आग्रहाने रात्री पुन्हा दोन पोळ्या व भात घेतला, तर चारशे कॅलरी वाढीव होतात आणि फसलेल्या पहिल्या मार्गासारखीच स्थिती होते. यासाठी घरात आधीच बोलून ठेवावे आणि पोळ्या मोजून कमी कराव्यात. दुसरी अडचण डब्याची आहे. पनीर भुर्जी किंवा उकडलेली अंडी मुंबईच्या उकाड्यात सकाळपासून सायंकाळपर्यंत शीतकपाटाशिवाय ठेवू नयेत. तशी सोय नसेल, तर भाजणीची दोन मध्यम थालिपिठे न्यावीत आणि दही कचेरीजवळून त्या वेळी घ्यावे. सहा वाजता नेहमी बैठका असतील, तर साडेपाचला खावे, पण निघताना खाऊ असे म्हणून पुढे ढकलू नये.

ज्यांना सकाळी मुळीच भूक लागत नाही आणि परतीच्या वाटेवर ज्यांचे पाय कुठे थांबत नाहीत, त्यांनी खुशाल पहिला मार्ग घ्यावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्ता वगळू नये, कारण साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

व्यायामासाठी पहाटे पाचला उठावे का, हाही याच आठवड्याचा प्रश्न आहे. साडेअकराला झोपणाऱ्याची त्यामुळे झोप साडेपाच तासांवर येते. शिकागो विद्यापीठातील २०१० च्या एका छोट्या प्रयोगात कमी खाणाऱ्या दहा जणांना दोन आठवडे साडेपाच तास आणि दोन आठवडे साडेआठ तास झोपेची संधी दिली होती. वजन दोन्ही वेळा सारखेच घटले, पण कमी झोपेत त्यात चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि स्नायूंसह इतर भाग जास्त गेला. अर्ध्या तासाच्या चालण्याने या गृहस्थांच्या जेमतेम शंभर कॅलरी खर्च होतात. तेवढ्यासाठी रोज दीड तास झोप देणे मला परवडणारे वाटत नाही. त्याऐवजी दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटे आणि सायंकाळी डब्यानंतर पंधरा मिनिटे चालावे, आणि स्नायू राखण्यासाठी बुधवारी घरी वीस मिनिटे व शनिवारी सकाळी निवांत पाऊण तास बैठका, जोर आणि वजने उचलण्याचा व्यायाम करावा.

सुट्टीच्या दिवसांचा हिशेब कोणत्याही मार्गात चुकवता येत नाही. सोमवार ते शुक्रवार रोज साडेचारशे याप्रमाणे २,२५० ची तूट साठते. शनिवारी बाहेरचे जेवण आणि रविवारी मिसळ व दुपारी मटण यांमुळे दोन्ही दिवशी गरजेपेक्षा आठशे कॅलरी जास्त गेल्या, तर ६५० ची तूट उरते, म्हणजे चरबी ऐंशी ग्रॅम. म्हणून या दोन दिवसांत २,३०० ची पातळी धरावी आणि बाहेरचे एकच जेवण ठेवावे. तरीही आठवड्याला तीनशे ग्रॅमची वाट मोकळी राहते.

सोमवारी सकाळी काटा दीड किलो वर गेलेला दिसला, तर ते बहुतेक मिठाने धरलेले पाणी असते. रोज सकाळी शौचानंतर वजन घेऊन सात दिवसांची सरासरी काढावी आणि तीन आठवड्यांच्या सरासरी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. त्या हलल्या नाहीत, तर दुसऱ्या मार्गात आधी रात्रीचे ताट तपासावे, आणि पहिल्या मार्गात सात ते पावणेदहाच्या मध्ये खाल्लेली प्रत्येक गोष्ट आठवडाभर लिहून काढावी.