आठ महिने रॅडिक्स सॉर्ट वापरल्यानंतर: पिनकोडची गोष्ट

आमच्याकडे रोज रात्री पार्सलच्या नोंदींची एक फाइल येते, साधारण 40 लाख नोंदी, आणि त्या पिनकोडप्रमाणे लावून द्यायच्या असतात. आधी लायब्ररीतला नेहमीचा सॉर्ट होता. तो काही वाईट नव्हता, पण दोन-दोन आकड्यांची तुलना करत जाणारा कुठलाही सॉर्ट घ्या, 40 लाखांना प्रत्येकी साधारण 22 तुलना धरल्या तरी आठ-नऊ कोटी होतातच. आणि पिनकोड म्हणजे तर फक्त सहा अंक! तुलना करायचीच कशाला, असं वाटलं म्हणून गेल्या आठ महिन्यांपासून मी रॅडिक्स सॉर्टवर आले.

त्याच्या पोटात काउंटिंग सॉर्टच असतो. मतमोजणीसारखं, कुठला आकडा किती वेळा आला ते आधी मोजून घ्यायचं, मग त्या मोजणीची चढती बेरीज करायची, म्हणजे कोणाची जागा कुठे संपते ते कळतं आणि प्रत्येक नोंद थेट तिथे नेऊन ठेवायची. आता पूर्ण पिनकोडवर एकदम मोजायचं म्हटलं तर जवळपास दहा लाख काउंटर लागतात, ते कॅशेत नीट मावत नाहीत आणि प्रत्येक नोंदीला मेमरीत लांब उडी पडते. म्हणून मी पिनकोडचे दोन तुकडे केले, शेवटचे तीन अंक आणि पहिले तीन अंक. प्रत्येक फेरीला फक्त 1000 काउंटर, म्हणजे 4 केबीच्या आत काम. दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत यादी दोनदा वाचायची, एकदा मोजायला एकदा ठेवायला, झालं. आमच्या मशीनवर या पायरीचा वेळ निम्म्याहून खाली आला.

पहिली फेरी शेवटच्या तीन अंकांची, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, मलाही वाटलेलं. हे चार घ्या: 411038, 400601, 411004, 400014. शेवटच्या तीन अंकांवर लावले की 411004, 400014, 411038, 400601. मग पहिल्या तीनवर लावले की 400014, 400601, 411004, 411038. दादर, ठाणे, डेक्कन, कोथरूड, बरोबर लागले. पण हे जमतं ते एकाच अटीवर, दुसऱ्या फेरीत 400 वाल्यांचा आपसातला क्रम जसा आला तसाच राहिला पाहिजे. यालाच स्टेबल म्हणतात आणि सगळा खेळ इथेच आहे.

माझी चूक नेमकी तिथेच झाली. ठेवण्याचा लूप असा पाहिजे:

```c
for (int i = n - 1; i >= 0; i--)
    out[--count[key(a[i])]] = a[i];
```

मी सवयीने 0 पासून पुढे चालवला. चढत्या बेरजेत प्रत्येक गटाची शेवटची जागा असते ना, त्यामुळे पहिला आलेला शेवटी जाऊन बसतो आणि गट आतून उलटा होतो. निकाल आला 400601, 400014, 411038, 411004. वरवर बघितलं तर मुंबई-ठाणे एकत्र, पुणे एकत्र, सगळं छान, म्हणून दोन दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही, डिलिव्हरीच्या माणसाने फोन करून विचारलं, "मॅडम, यादी खालून वर वाचायची का?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली. गट बरोबर पण आत उलटा क्रम दिसला की हा लूप आधी बघा.

दुसरा त्रास घाणेरड्या डेटाचा. पिनकोडच्या रकान्यात कोणीतरी मोबाइल नंबर टाकला की त्याला 1000 ने भागून जो इंडेक्स निघतो तो टेबलाच्या कितीतरी बाहेर. आणि रिकाम्या जागी आमच्याकडे -1 यायचा, सी मध्ये -1 % 1000 चं उत्तर -1 च येतं, म्हणजे टेबलाच्या एक घर मागे लिहिलं जातं आणि प्रोग्राम तिथे पडेलच असंही नाही, भलत्याच ठिकाणी पडतो. तुलना करणारा सॉर्ट असली नोंद मुकाट्याने कडेला टाकतो, हा टाकत नाही. म्हणून आता मोजायच्या आधीच 100000 ते 999999 च्या बाहेरचं सगळं वेगळ्या फाइलीत काढते.

मेमरी मात्र जास्त लागते, यादीएवढीच दुसरी यादी. पूर्ण नोंदी इकडून तिकडे हलवू नका. मी फक्त पिनकोड आणि नोंदीचा क्रमांक अशी 8 बाइटची जोडी लावते, 40 लाखांना 32 एमबी, दोन प्रती म्हणजे 64.

शे-दीडशे नोंदींच्या छोट्या याद्यांना मी हा लावत नाही, तिथे 1000 काउंटर दोनदा साफ करण्यातच वेळ जातो. त्यांच्यासाठी जुनाच सॉर्ट ठेवलाय. आणि पायथनवाल्यांनी आधी नमपाय बघा, 16 बिट किंवा त्याहून लहान पूर्णांकांना `kind='stable'` दिलं की आतून रॅडिक्सच चालतो, हाताने लिहायची गरजच नाही.