सिंह लग्नाला 'हंस योग' विकला: 91,575 रुपयांचा धडा

आधी आकडे, कारण लाज तिथेच आहे. पत्रिका बघण्याचे 2,100. 'योगजागृती अनुष्ठान' 21,000. सव्वापाच रत्तीचा पुखराज, रत्तीला 9,500 प्रमाणे 49,875. अंगठीचं सोनं आणि घडणावळ 18,600. एकूण 91,575 रुपये, आणि पावती एकाचीही नाही. पत्रिका माझ्या भाच्याची, पैसे ताईचे, आणि त्या ज्योतिषी गुरुजींबद्दल 'माणूस जाणकार वाटतो, दाखवायला हरकत नाही' हे वाक्य माझं. मला पंचांग वाचता येतं, पत्रिका हाताने मांडता येते. म्हणून हे लिहिताना जास्त चीड येते, आणि ती निम्मी स्वतःवरच आहे.

गोड बोलणं, मग भीती, मग रत्न, हा क्रम सगळ्यांना माहीत असतो, तो उगाळत नाही. फसवणूक कुंडलीत नेमकी कुठे झाली ते सांगते.

मुलाचा जन्म 24 जुलै 2014, पुणे, सकाळी 8:07. हॉस्पिटलच्या कागदावर तीच वेळ आहे. त्या दिवशी गुरू कर्केत, म्हणजे उच्च राशीत होता आणि शनी तुळेत, म्हणजे तोही उच्च. पंचमहापुरुष योगांचा नियम असा की मंगळ, बुध, गुरू, शुक्र किंवा शनी स्वराशीत वा उच्च राशीत हवा, आणि ती रास लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानी पडायला हवी. मंगळाचा रुचक, बुधाचा भद्र, गुरूचा हंस, शुक्राचा मालव्य, शनीचा शश. रवी, चंद्र, राहू, केतू यांचा महापुरुष योग नसतो. कुणी 'राहूचा महापुरुष योग' सांगू लागला तर चहासुद्धा न पिता उठा.

गुरुजींनी छापून दिलेल्या पत्रिकेत कर्क लग्न होतं. पहिल्या घरात गुरू, चौथ्यात शनी. हंस आणि शश एकदम! 'लाखात एक पत्रिका, पण योग झोपलेला आहे.'

आता बघा. 8:07 ला लग्न कर्क नव्हतंच. त्या दिवशी पुण्यात कर्क लग्न साधारण 7:55 ला संपतं आणि सिंह सुरू होतं. म्हणजे मुलाचं लग्न सिंह, दोन-तीन अंशांवर. घरातल्या जुन्या हस्तलिखित पत्रिकेतही सिंहच आहे, आणि ताईला ते पाठ आहे. सिंहेपासून मोजलं तर गुरू बाराव्या घरात जातो आणि शनी तिसऱ्या. दोन्ही ग्रह उच्चीचे आहेत हे खरं, पण केंद्रात एकही नाही. योग शून्य.

छापील पत्रिकेवर वेळ होती 7:45. लग्न कर्क 27 अंश आणि वर काही कला. हा आकडा मी पाहिला. बोट ठेवून पाहिला. विचारलं, 'ही वेळ कशी?' उत्तर आलं, 'जन्मवेळ शुद्ध केली आहे.' आणि मी गप्प बसले. माझी बाजू सांगते. हॉस्पिटलच्या घड्याळात दोन-चार मिनिटं इकडेतिकडे असतात हे खरंच आहे, आणि जन्मवेळ शुद्ध करण्याची पद्धत ज्योतिषात आहेच. पण लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. बावीस मिनिटं म्हणजे पाच अंशांच्या वर. शुद्धी करताना माणूस आयुष्यातल्या घडलेल्या घटना आणि त्यांच्या तारखा विचारतो. इथे एकही घटना विचारली नव्हती. लग्न रास बदलून, नेमकी महाग योगाच्या राशीत नेऊन ठेवणारी शुद्धी ही शुद्धी नसते. लग्न 27 च्या पुढे किंवा 3 च्या आत दिसलं की वेळेचा मूळ कागद मागा. तो कागद ताईच्या पर्समध्ये होता, आणि मी मागितला नाही.

याहून मोठी शरम पुढे आहे. वेळ बाजूला ठेवा. जुन्या पत्रिकेतलं सिंह लग्न माहीत असताना 'हंस' हा शब्द ऐकल्याबरोबर मला हसू यायला हवं होतं. सिंहेची केंद्रं म्हणजे सिंह, वृश्चिक, कुंभ आणि वृषभ, चारही स्थिर राशी. गुरूची स्वरास धनू आणि मीन, उच्च रास कर्क. यात एकही स्थिर नाही. म्हणजे सिंह लग्नाला हंस योग होतच नाही, या जन्मी नाही, पुढच्याही नाही. वृषभ, वृश्चिक, कुंभ लग्नालाही नाही. ही चाळणी लिहूनच ठेवा. स्थिर लग्नांना हंस आणि भद्र अशक्य. मेष, कर्क, तूळ, मकर या चर लग्नांना भद्र अशक्य. मिथुन, कन्या, धनू, मीन या द्विस्वभाव लग्नांना रुचक आणि शश अशक्य. कुठलाही हिशेब न करता, फक्त लग्नरास बघून निम्मे भोंदू इथेच पकडता येतात. त्यांनाही हे माहीत असतं, म्हणून तर ते ग्रहाला हात लावत नाहीत, लग्न हलवतात.

काही जण चंद्रापासूनही केंद्र मोजतात. या मुलाचा चंद्र मिथुनेत आहे. त्याच्यापासून गुरू दुसरा, शनी पाचवा, तिथेही हंस-शश नाहीत. गंमत म्हणजे बुध मिथुनेतच, स्वराशीत आहे, त्यामुळे चंद्रापासून मोजणारा भद्र योग म्हणू शकला असता. गुरुजींनी त्याचं नावही घेतलं नाही. बुधाचा पाचू त्यांच्याकडे विकायला नसेल म्हणून असेल.

आणि क्षणभर कर्क लग्न खरं धरलं तरी काय? 24 जुलै 2014 ला रवी आणि गुरू जवळजवळ एकाच अंशावर होते. गुरू रवीच्या अकरा अंशांच्या आत आला की अस्त मानतात, इथे तर एक अंशाचंही अंतर नव्हतं. गुरूचा अस्त असला की आपण लग्नकार्य थांबवतो, आणि इथे त्याच गुरूचा राजयोग विकला. अस्ताची गोष्ट त्यांनी लपवली नाही, उलट तीच वापरली: 'अस्त आहे म्हणूनच जागृती करायची.' दशेचं मात्र बोलले नाहीत. योगाचं फळ बघायचं ते त्या ग्रहाच्या दशेत. मुलाची राहूची महादशा चालू आहे आणि गुरूची यायला 2032-33 उजाडेल. तोवर पुखराज कशाला जागवणार होता?

'लाखात एक' हेही तपासून बघा. गुरू कर्केत 19 जून 2014 पासून होता आणि शनी तुळेत 2 नोव्हेंबर 2014 पर्यंत. त्या साडेचार महिन्यांत चर लग्नावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाला हंस आणि शश दोन्ही आहेत. चर लग्नं बारातली चार, म्हणजे रोजचे सुमारे आठ तास. तिनातलं एक बाळ! एखाद्या प्रसूतिगृहात त्या महिन्यांत किती महापुरुष रांगेने झोपले असतील, कल्पना करा. मुलगा 'हंसपुरुषासारखा उंच' होईल असंही सांगितलं होतं. बृहत्संहितेत वराहमिहिराने पाच पुरुषांची मापं दिली आहेत, त्यात हंस सर्वांत बुटका, 96 अंगुळं. मालव्य सर्वांत उंच, 108. विकायच्या मालाचं माप तरी पाठ करावं.

अनुष्ठानाचं थोडक्यात. गुरूचा जप 19,000 ठरला होता. दोघे जण सकाळी दहाला बसले आणि साडेअकराला आरती. बीजमंत्राला घाईत चार सेकंद धरले तरी दोघांचा मिळून जप सत्तावीसशेच्या आसपास होतो. मी घड्याळ बघत होते आणि प्रसादाचा शिरा ढवळत होते. जप मोजून घ्या, माळा मोजायला लाजू नका.

पुखराज नंतर तपासून घेतला. अहवालात अपवर्तनांक 1.54 आला. खऱ्या पुखराजाचा 1.76 ते 1.77 येतो. पाण्यापेक्षा जडपणा 2.65, पुखराजाचा चारच्या जवळ. म्हणजे हातात आला तो 'सुनेला' नावाचा खडा, स्फटिकाच्या जातीचा. रत्न घ्यायचंच असेल तर आधी अहवाल, मग पैसे, आणि अहवाल विकणाऱ्याच्या ओळखीच्या ठिकाणचा नको.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: 'तुम्ही स्वतः दिलेत ना पैसे?' दुसरं: 'ही श्रद्धेची बाब आहे, जादूटोण्याच्या कायद्यात ज्योतिषाचा सल्ला बसत नाही.' मी सल्ल्याची तक्रार करतच नव्हते. पुखराज सांगून 'सुनेला' खडा दिला, ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. हे कलम मी सांगितल्यावर समोरचे साहेब म्हणाले, 'तुम्ही वकील आहात का?' चार खेपा झाल्या. एकदा साहेब बंदोबस्तावर, एकदा रजेवर, एकदा 'अर्ज इंग्रजीत आणा', एकदा 'मराठीत का नाही आणला'. शेवटी साधा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला, गुन्हा नोंदवलाच नाही. ग्राहक मदतीच्या 1915 वर फोन लागला, पहिला प्रश्न: बिल आहे का? बिल नाही. पैसे गुरुजींच्या खात्यावर नाहीत, कुणा भलत्याच बाईच्या यूपीआयवर गेले. आणि तो क्यूआर कोड आम्हीच स्कॅन केला, हे प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगायचं. एका ठिकाणी तर मुलाची पत्रिका मागून घेतली आणि विचारलं, 'पण योग आहे का खरंच?'

यूपीआयवर ज्याचं नाव दिसतं ते समोर बसलेल्या माणसाचं नसेल तर तिथेच थांबा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. तिथे जायचं तर तपासणी अहवाल, व्यवहारांचे स्क्रीनशॉट आणि छापील पत्रिका जपून ठेवा. 7:45 छापलेला तो कागद मी फाडणार होते, ताईने हातातून काढून घेतला. आमच्याकडे धड पुरावा तेवढाच आहे.

आणि जून 2026 मध्ये गुरू पुन्हा कर्केत येतो. तेव्हाच्या बारशांना 'हंस योगाचं बाळ' म्हणत कुणी आलं, तर आधी हॉस्पिटलच्या कागदावरची वेळ बघा, मग लग्नरास. वृषभ, सिंह, वृश्चिक किंवा कुंभ निघाली तर पुढचं काही ऐकून घेऊ नका.