लेबलचा फोटो काढून चिन्हं वाचायची पद्धत: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

नवा कपडा घरी आला की धुण्याआधी त्याच्या आतल्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढायचा, चिन्हं वाचून धुणं, वाळवणं आणि प्रेस करणं याच्या ओळी त्या फोटोखाली लिहायच्या, आणि ‘कपडे’ नावाच्या अल्बममध्ये ठेवायचं. नागपुरातल्या आमच्या घरी ही पद्धत मार्चपासून चालू आहे. माझं मत झालं आहे की इथे सगळ्यात जास्त उपयोग चौकोनाच्या, म्हणजे वाळवण्याच्या चिन्हाचा होतो, आणि आपण सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच देतो.

आधी फोटोबद्दल, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. लेबल साटिनचं असतं, फ्लॅश मारला की चमकतं आणि इस्त्रीच्या चिन्हातले ठिपके उडून जातात. म्हणून फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ काढावा. दुमडलेल्या लेबलची मागची छपाई आरपार दिसते, मग साध्या चिन्हावरही फुली असल्यासारखं वाटतं. दोन थरांच्या मध्ये जाड पांढरा कागद सरकवला की हे थांबतं. आणखी एक: धुण्याचं चिन्ह म्हणजे पाण्याचा टब, त्याच्याखालची आडवी रेघ टबाच्या बाहेर असते आणि लेबलच्या घडीत सहज लपते. ती सुटली तर नाजूक कपडा जोरात फिरणाऱ्या प्रोग्रॅमवर जातो. लेबल पूर्ण ताणून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, कापडाचा प्रकार लिहिलेली बाजूसुद्धा.

आता माझ्या बहिणीचा व्हिस्कोसचा छापील कुर्ता घेऊ. लेबलवर डावीकडून अशी चिन्हं होती: टबात ३० आणि खाली एक रेघ, फुली मारलेला त्रिकोण, फुली मारलेला चौकोन ज्याच्या आत वर्तुळ, मग उभी रेघ आणि कोपऱ्यात तिरकी रेघ असलेला चौकोन, एका ठिपक्याची इस्त्री, आणि शेवटी वर्तुळात P.

टबातला ३० हा कमाल आकडा आहे, म्हणजे त्याहून थंड पाणी चालतं. नागपुरात मे महिन्यात गोम उलटीकडून येते: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापलेलं असतं की मशीन ‘थंड’वर लावूनही ३० ओलांडलं जातं, कारण मशीन पाणी गरम करते, गार करत नाही. म्हणून आमच्या फोटोखाली ‘सकाळी सातच्या आत’ असं लिहिलं आहे. खालची रेघ म्हणजे हलका प्रोग्रॅम. तेव्हा डेलिकेट लावायचा, ड्रम अर्धा रिकामा ठेवायचा आणि पिळणं कमी वेगावर. व्हिस्कोस ओलं असताना खूप अशक्त होतं, हाताने पीळ देऊ नये. त्रिकोणावर फुली असल्याने ब्लीच अजिबात नको. काही पावडरींमध्ये डाग काढणारं ऑक्सिजन ब्लीच मिसळलेलं असतं, त्यामुळे पाकिटावर वाचून बिनब्लीचचं लिक्विड वापरलेलं बरं.

वर्तुळवाल्या चौकोनावरची फुली ड्रायरला मनाई करते. फोटो धूसर असला तर हेच चिन्ह नुसत्या वर्तुळावरच्या फुलीसारखं दिसतं, आणि त्याचा अर्थ ‘ड्राय-क्लीन करू नका’ असा वेगळा आहे. बाहेरचा चौकोन आहे का, हे मोठं करून बघायचं. त्याच लेबलवर P असलेलं वर्तुळ असेल तर ड्राय-क्लीन चालतं हे कळतंच, तिथेच शंका मिटते.

पुढच्या चौकोनातली उभी रेघ म्हणजे दोरीवर वाळवा, तिरकी रेघ म्हणजे सावलीत. उभ्या रेघा दोन असत्या तर न पिळता, पाणी निथळत ठेवून टांगायचं. आडवी रेघ असती तर सपाट पसरायचं, लोकरीच्या स्वेटरवर ती हमखास दिसते, कारण ओलं विणकाम टांगलं की स्वतःच्या वजनाने लांबतं. आमच्याकडे गच्ची म्हणजे वाळवण, ही सवय मोडायला आईला वेळ लागला. पण पारा ४५ कडे जातो त्या दिवसांत कापड सावलीतही लवकर वाळतं, उन्हात फक्त रंग जातो. कुर्ता उलटा करून आतल्या बाल्कनीत टाकतो, अजून छपाई गडद आहे. पावसाळ्यात मात्र हीच सूचना अवघड होते. सावलीत दोन दिवस ओलं राहिलं तर वास येतो, म्हणून पंख्याखाली टांगतो.

एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, तेही वाफेशिवाय. दोन ठिपके १५०, तीन ठिपके २०० च्या आसपास. आमचे प्रेसवाले काका कोळशाची इस्त्री वापरतात, तिला नॉब नाही. त्यांना कपडा देताना सांगतो, “काका, हा उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून.” ते आधी शिवणीच्या आत टेकवून बघतात. तरी एक ठिपक्याचे कपडे आता घरीच प्रेस करतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. गांधीबागेतून कापड घेऊन शिवलेल्या ड्रेसला लेबलच नसतं. तिथे दुकानदाराला कापड काय आहे ते विचारायचं आणि बिलाच्या फोटोखाली लिहून ठेवायचं. लेबल डाग कसा काढायचा हे सांगत नाही. आणि बऱ्याच धुण्यांनंतर छपाई पुसट होते, म्हणून फोटो पहिल्या धुण्याआधीचाच हवा.