वॉशिंग मशीनसाठी नऊ महिने आरडी: हप्त्यावर न घेतल्याचा माझा अनुभव आणि पूर्ण हिशेब

मशीन घरी येऊन सहा महिने झाले. त्याआधीचे नऊ महिने त्यासाठी पैसे साठवले. इथे मशीनबद्दल थोडंच लिहिणार आहे, जास्त लिहायचंय ते पैसे साठवण्याच्या पद्धतीबद्दल. हप्ता की बचत, हे ठरवताना आमच्या घरात बराच वाद झाला आणि तेव्हा नेमके आकडे कुणाकडेच नव्हते.

जानेवारी 2025 मध्ये आमचं जुनं सेमी-ऑटोमॅटिक कुरकुरायला लागलं. स्पिनचा टायमर मध्येच अडकायचा. सांगलीतल्या एका दुकानात सात किलोचं फ्रंट लोड बघितलं, किंमत 31,000. विक्रेत्याने लगेच योजना सांगितली: दहा हप्ते, प्रत्येकी 3,100, व्याज शून्य. दोन हप्ते आजच भरायचे, उरलेले आठ दर महिन्याला बँकेतून आपोआप जाणार. वर प्रोसेसिंग फी 700 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 826 रुपये. नवरा म्हणाला, "आठशे रुपयांत दहा महिने सवलत मिळतेय, घेऊन टाकू."

मी सहज विचारलं, "आणि सगळे पैसे आत्ताच यूपीआयने दिले तर?" विक्रेता आत गेला, मालकाला विचारून आला आणि म्हणाला, "वहिनी, 28,800 करतो."

सगळा हिशेब या एका उत्तराने बदलला. मशीनची खरी किंमत 28,800 होती. 31,000 ही हप्त्याने घेणाऱ्याची किंमत. शून्य टक्क्याच्या योजनेत कर्ज देणारी कंपनी फुकट पैसे देत नाही. तिचं व्याज दुकानदार किंवा उत्पादक कंपनी आपल्या वाट्यातून भरते. रोखीने घेणाऱ्यासाठी तो खर्च वाचतो, म्हणून दुकानदार त्यातलं काही सोडू शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना लिहिलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही.

आता हप्त्याचा हिशेब मांडते. वस्तू 28,800 ची. पहिल्या दिवशी दोन हप्ते आणि फी मिळून माझे 7,026 जाणार. म्हणजे प्रत्यक्षात उसने मिळाले फक्त 21,774. त्याबदल्यात आठ महिन्यांत परत द्यायचे 24,800. जास्तीचे 3,026. मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये हे सूत्र टाकलं:

```
=RATE(8,-3100,21774)*12
```

उत्तर आलं जवळजवळ 36 टक्के. मी दोनदा तपासलं, कारण विश्वास बसला नाही. रक्कम छोटी, मुदत छोटी आणि दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं. त्यामुळे तीन हजार रुपये कमी वाटतात, पण वर्षाच्या दरात ते एवढे होतात.

दुकानदाराने रोखीला एक रुपयाही सोडला नसता, तर त्याच सूत्रात 21,774 ऐवजी 23,974 येतात आणि दर नऊ टक्क्यांच्या आसपास निघतो. तसं असतं तर मी हप्त्याने घेतलं असतं आणि कुणी घेतलं तर चूक म्हणणार नाही. म्हणून हप्त्याचं नाव काढायच्या आधी रोखीचा भाव विचारून घ्या. आधी योजना विचारली की भाव खाली आणणं अवघड जातं. ऑक्टोबर 2024 पासून कर्ज घेताना खर्चाची एकत्र माहिती देणारा कागद मिळायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यात वार्षिक टक्केवारी असते. तो कागद जरूर वाचा. पण दुकानात रोखीवर किती सोडलं असतं ते त्या कागदावर नसतं, ते आपणच मोजायचं.

(क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात अजून एक खर्च निघतो. भावाने 24,000 चा फोन बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर घेतला. बँकेचा दर 15 टक्के होता, त्याचं 1,841 रुपये व्याज सवलत म्हणून आधीच किमतीतून वजा केलं होतं. पण व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, 331 रुपये, दर महिन्याच्या बिलात थोडा थोडा येत राहिला. त्याने बिलं नीट बघितली नसती तर तो कधी दिसलाच नसता.)

तर आम्ही ठरवलं की तोच 3,100 चा हप्ता भरायचा, पण स्वतःच्या खात्यात. सासूबाई म्हणाल्या, भिशी लाव. त्यांच्या गल्लीतली भिशी चांगली चालते, पण तिथे व्याज नाही, नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही आणि एखादीने मध्येच सोडलं तर बाकीच्यांना तोशीस. पोस्टाची आरडी मनात होती, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आधी बंद करता येत नाही, त्यामुळे या कामाला नाही चालत. शेवटी बँकेत नऊ महिन्यांची आरडी काढली, साडेसहा टक्क्यांनी, 5 फेब्रुवारीला सुरू. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकेक करत खाली आणला आणि बचत खात्यावरचं व्याज बऱ्याच बँकांत अडीच टक्क्यांवर आलं. आरडीचा दर मात्र काढतानाच ठरतो, त्यामुळे आमचा तोच राहिला.

गणित असं होतं: नऊ हप्ते म्हणजे 27,900, त्यावर साधारण 755 व्याज, एकूण 28,655. दुकानातल्या रोखीच्या भावाला जवळपास पुरेल एवढे. हप्ता तेवढाच, पण दहाऐवजी नऊ वेळा भरायचा आणि फी नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं ते.

ऑगस्टमध्ये मुलाच्या क्लासची फी आली आणि 5 तारखेला खात्यात पुरेसे पैसे नव्हते. हप्ता चुकला. सप्टेंबरमध्ये दोन्ही एकदम भरले. आमच्या बँकेत दंड शंभर रुपयांना महिना दीड रुपया, म्हणजे 47 रुपये. कर्जाचा हप्ता असा परत गेला असता तर कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा, आपल्या बँकेचा वेगळा, दोन्ही मिळून शेकड्यांत गेले असते आणि सिबिलमध्ये नोंद झाली असती. बचतीच्या बाजूने मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट हीच, व्याजापेक्षाही मोठी. एखादा महिना घसरला तर नुकसान चहा-वड्याएवढं होतं.

सप्टेंबरमध्ये जीएसटी कमी होणार म्हणून शेजारचे थांबले होते, मीही आशेवर होते. पण 22 सप्टेंबर 2025 ला 28 वरून 18 टक्क्यांवर आले ते एसी, बत्तीस इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि डिशवॉशर. वॉशिंग मशीन आणि फ्रिजवर 2018 पासून 18 टक्केच होता. त्यामुळे भावात काही फरक पडला नाही.

माझी खरी चूक दिवाळीत झाली. पाडवा 22 ऑक्टोबरला होता, आरडी पूर्ण होणार 5 नोव्हेंबरला. दिवाळीत तेच मशीन रोखीत 28,000 ला मिळत होतं. नववा हप्ता 5 ऑक्टोबरलाच भरून झाला होता, म्हणजे 27,900 जमा होते. आरडी मुदतीआधी मोडली असती तर व्याज दोनशेच्या आसपास कमी मिळालं असतं, बाकी काही नाही. पण "मोडायची नाही" हे डोक्यात इतकं पक्कं होतं की मी बँकेत विचारलंसुद्धा नाही. नोव्हेंबरमध्ये भाव 29,100 झाला होता. अकराशे रुपये वाढले ते माझ्या हट्टामुळे. आरडी काढताना ती कधी पिकणार हे कॅलेंडरवर बघा. दसऱ्याच्या आधी पिकेल अशी काढली असती तर हा प्रश्नच आला नसता.

नऊ महिन्यांच्या थांबण्याचाही खर्च आहे आणि तो लपवून हिशेब करणं मला पटत नाही. जुन्या मशीनचा टायमर आणि बेल्ट बदलायला 850 गेले. आरडीचे हातात आले 28,600 च्या आसपास, म्हणजे 700 रुपये व्याज. उरलेले 500 खिशातून घातले. एकूण धरलं तर मशीन पडलं 29,250 ला. हप्त्याने तेच 31,826 ला पडलं असतं. फरक अडीच हजारांचा.

त्या अडीच हजारांसाठी नऊ महिने ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात हलवले ते मी. पाऊस लागल्यावर चादरी दोन दोन दिवस वाळत नसत. महिन्याला पावणेतीनशे रुपये वाचले आणि त्यासाठी रोज अर्धा तास गेला, असं म्हणता येईल. आमच्या घरात हे चाललं, कारण जुनं मशीन दुरुस्तीने चालू राहिलं आणि कंबर धड होती. घरात तान्हं बाळ असतं किंवा मशीन पूर्ण बंद पडलं असतं, तर मी अडीच हजार खुशाल दिले असते. बायकांच्या कष्टाला शून्य किंमत धरून "बचतच चांगली" असं सांगणारे हिशेब मला मान्य नाहीत.

मशीनबद्दल थोडक्यात: कपडे चांगले निघतात, पाणी कमी लागतं, स्पिनला आवाज आहे पण हलत नाही. सहा महिन्यांत तक्रार नाही.

मशीन आल्यावर नवरा म्हणाला, आता सुटलो. मी हप्ता थांबवला नाही, फक्त 1,500 वर आणला. कारण या पद्धतीची खरी अडचण माझ्या लक्षात आली होती: वस्तू बिघडल्यावर साठवायला सुरुवात केली तर वेळ पुरत नाही. वॉशिंग मशीन थांबू शकतं, फ्रिज वैशाखात थांबू शकत नाही. म्हणून घरातल्या वस्तूंची वयं लिहून काढली. फ्रिज अकरा वर्षांचा, दाराचं रबर सैल झालंय. माझा फोन तीन वर्षांचा. नवा फोन वीस हजारांचा आणि चार वर्षांनी लागेल असं धरलं तर त्याचे महिन्याला 417 होतात, उरलेले फ्रिजला. यावेळी नऊ महिन्यांची आरडी न काढता बचत खात्याला जोडलेल्या छोट्या छोट्या मुदत ठेवी करतेय. व्याज जरा कमी मिळतं, पण गरज पडली तर हवी तेवढीच ठेव मोडता येते. दिवाळीत मला हेच हवं होतं.

आत्ता त्यात 9,000 आहेत, त्यातले साडेसहा हजार फ्रिजचे. या उन्हाळ्यात फ्रिज गेलाच तर ते अर्थात पुरणार नाहीत. मग जेवढे आहेत तेवढे आधी भरून बाकीचे हप्त्याने घेऊ, सगळ्यात कमी महिन्यांची योजना निवडू आणि दुकानात गेल्यावर आधी रोखीचा भाव विचारू. नवऱ्याला मी सूत्र फोनमध्ये लिहून दिलंय, तो आता तिथेच उभा राहून टाकून बघतो.